फोन म्हणाला, जागा नाही : अपडेटसाठी सहा जीबी मोकळे करताना

माझा फोन २०२२ च्या दसऱ्याला घेतलेला, ६४ जीबीचा. ऑगस्टपासून त्यावर रोज एक सूचना यायची, नवीन सिस्टीम अपडेट आलंय म्हणून. मी ती बाजूला सारायची. शाळा, घर, पहिल्या सत्राच्या परीक्षा, त्यात वेळ कुठला. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीजेला कराडला माहेरी गेले, तेव्हा मात्र मनाशी ठरवलं की आता हे करूनच टाकायचं. Settings मध्ये About phone उघडून पाहिलं, तर सुरक्षा अपडेटची तारीख वर्षभरापेक्षा जुनी होती. याच फोनवरून मी यूपीआयचे पैसे पाठवते, शाळेच्या पोषण आहाराची नोंद भरते. ती तारीख बघून पोटात खड्डा पडला.

शुक्रवारी, २४ ऑक्टोबर २०२५ ला दुपारी मी डाउनलोडचं बटण दाबलं. अपडेट होतं २.४ जीबीचं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं की पुरेशी जागा नाही, आणखी ५.३ जीबी मोकळी करा.

Settings मधलं Storage उघडलं. ६४ पैकी ६३.१ जीबी भरलेले, शिल्लक फक्त ०.९. त्याखालची फोड मी वहीत उतरवून घेतली. सिस्टीम १७.४, अ‍ॅप १४.६, व्हिडिओ १२.९, फोटो ८.६, ऑडिओ १.८, कागदपत्रं ०.९ आणि 'इतर' म्हणून ६.९. तुम्हीही ही फोड आधी लिहून ठेवा. पुढे आठवडाभर मला त्या कागदाचाच आधार होता, कारण काय पुसल्यावर किती जागा झाली हे आठवणीवर सोडलं तर नक्की गोंधळ होतो.

पहिला प्रश्न मला पडला तो हा, की २.४ जीबीच्या अपडेटला ६.२ जीबी मोकळी जागा कशाला लागते? भाची अभियांत्रिकीला आहे. तिने दुसऱ्या दिवशी समजावलं ते मला पटलं, म्हणून तेच सांगते. उतरतं ते बांधलेलं गाठोडं असतं. ते तपासायचं, सोडायचं आणि त्यातून नवी सिस्टीम लिहायची. बऱ्याच नव्या फोनांमध्ये हे काम चालू असताना जुनी सिस्टीम तशीच ठेवलेली असते. नवी नीट सुरू झाली नाही तर फोन जुन्यावर परत येतो, बंद पडत नाही. म्हणजे थोडा काळ फोनला बदललेल्या भागांच्या दोन्ही प्रती सांभाळाव्या लागतात. सिस्टीमच्या राखीव भागात त्या मावल्या नाहीत की तो आपल्या फोटो-व्हिडिओंच्या जागेतून उसनी जागा घेतो. काम झालं की ती परत मिळते. ही जागा फोनच्या आतलीच लागते. मेमरी कार्ड घालून ते रिकामं ठेवलं, तर त्या रिकाम्या जागेचा अपडेटला उपयोग होत नाही. कार्डाचा फायदा इतकाच की आतले फोटो-व्हिडिओ तिकडे हलवता येतात.

हे कळायच्या आधी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, मी तीन तास एक चुकीचं काम केलं. गॅलरी उघडून सुप्रभातचे, शुभ दीपावलीचे, दत्तजयंती-एकादशीचे सगळे फोटो एकेक करून पुसत बसले. बाराशेच्या वर पुसले. जोडीला शाळेच्या परिपत्रकांच्या जुन्या पीडीएफही काढल्या. अंगठा दुखायला लागला. मग Storage पाहिलं, आकडा तोच. ०.९. आणि सकाळी उठून बघते तर ०.८!

दोन गोष्टी झाल्या होत्या. एक, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो अशा वेळी साधारण दीडशे-दोनशे केबीचे असतात, त्यामुळे बाराशे फोटो मिळून जेमतेम दोनशे एमबीच्या आसपास होतात. माझ्या कॅमेऱ्याचा एका मिनिटाचा व्हिडिओ मात्र १३० एमबीच्या आसपास जातो. म्हणजे तीन तासांत मी जेमतेम दीड मिनिटाच्या व्हिडिओएवढं पुसलं होतं. दुसरी गोष्ट, रात्रभर ग्रुपांवर भाऊबीजेचे व्हिडिओ येत राहिले आणि ते आपोआप उतरत राहिले. एका बाजूने बादली उपसायची आणि दुसऱ्या बाजूने नळ चालू, असं चाललं होतं.

शनिवारी सकाळी चहा घेताना भाचीला फोन दाखवला. ती पहिल्यांदा म्हणाली, "आत्या, थांब. आता काहीच पुसू नकोस. आधी नळ बंद करू."

व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Storage and data आहे, तिथे Media auto-download च्या खाली तीन ओळी असतात. मोबाइल डेटावर, वायफायवर आणि रोमिंगमध्ये असताना काय आपोआप उतरवायचं, ते तिथे ठरतं. तिने तिन्हींमधल्या फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रं अशा सगळ्या खुणा काढून टाकल्या. त्यानंतर व्हिडिओ आला की धूसर दिसतो आणि त्यावर आकार लिहिलेला असतो. बघायचा असेल तरच दाबायचं. हे मी सगळ्यांत आधी करायला हवं होतं.

मग तिने विचारलं, "काल पुसलेलं ट्रॅशमधून काढलंस का?" मला ट्रॅश नावाची गोष्ट माहीत होती, पण तिचा जागेशी संबंध आहे हे डोक्यात आलं नव्हतं. गॅलरीतून पुसलेला फोटो जात नाही. तो तिथेच राहतो, फक्त दिसेनासा होतो. तिने लपलेल्या फाइली दाखवणारा पर्याय चालू करून मला दाखवलं. फाइलच्या नावाआधी `.trashed-` आणि एक लांबलचक आकडा लागलेला, आणि फाइल मूळ फोल्डरमध्येच, तेवढीच जागा अडवून. तीस दिवसांनी ती आपोआप जाते. चुकून काही पुसलं तर परत मिळावं म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण आज जागा हवी असेल तर ट्रॅश रिकामा करावाच लागतो.

ट्रॅश एकच नसतो हेही लक्षात ठेवा. फोनच्या गॅलरीचा वेगळा दिसतो, Google Photos चा वेगळा, Files अ‍ॅपचा वेगळा. मी तिन्ही उघडले. माझे कालचे फोटो तर होतेच, शिवाय नवरात्रातल्या भोंडल्याचे हललेले, अंधारातले व्हिडिओ मी महिन्याभरात पुसले होते, तेही सगळे तिथे बसलेले. रिकामं करायच्या आधी आम्ही दोघींनी वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली. एक फोटो परत घेतला, दादाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचा. तो मी चुकून उडवला होता. बाकी कायमचं पुसलं आणि आकडा हलला. ०.८ चे २.४ झाले. एकही नवी गोष्ट न पुसता दीड जीबीहून जास्त जागा मिळाली. म्हणून म्हणते, सुरुवात इथून करा.

मध्येच मी अ‍ॅपांचा कॅशे पुसायचंही करून पाहिलं. अ‍ॅपच्या माहितीत Storage & cache मध्ये जाऊन Clear cache. पाच-सहा अ‍ॅपांचा मिळून नऊशे एमबी निघाला, पण ती अ‍ॅप पुन्हा वापरली की तो परत भरायला लागतो. दोन दिवसांत बराचसा परत आला. अपडेट सुरू करायच्या अगदी आधी थोडीशीच जागा कमी पडत असेल तर हा उपाय कामाचा आहे, एरवी नाही. आणि इथे एक धोका आहे. Clear cache च्या शेजारीच Clear storage असतं. ते दाबलं तर त्या अ‍ॅपमधलं सगळंच जातं, व्हॉट्सअ‍ॅपचं दाबलं तर गप्पासुद्धा. घाईत, चष्म्याशिवाय हे काम करू नका.

दुपारी व्हॉट्सअ‍ॅप हाती घेतलं. Storage and data मध्ये Manage storage उघडलं की वर पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या दाखवतात आणि खाली कोणत्या गप्पेने किती जागा घेतली याची उतरती यादी येते. पहिला नंबर शिक्षकांच्या ग्रुपचा होता, दुसरा माहेरच्या ग्रुपचा. मोठ्या फाइली एकेक उघडून बघितल्या. एकच भाषणाचा व्हिडिओ चार ग्रुपांतून आलेला, तो चार ठिकाणी. असं करत ०.९ जीबी निघाला. ३.३ झाले.

यानंतर भाचीने जे दाखवलं ते मला कधीच सापडलं नसतं. आपण व्हिडिओ पाठवतो तेव्हा मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये असतो, आणि पाठवण्यासाठी लहान केलेली त्याची दुसरी प्रत व्हॉट्सअ‍ॅप आपल्याच फोनमध्ये ठेवतं. ही प्रत गॅलरीत दिसत नाही. Files अ‍ॅपमधून इथे जावं लागतं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Video/Sent
```

तीन वर्षांत पालकांच्या ग्रुपवर मी जे जे पाठवलं, स्नेहसंमेलनाचे नाच, वृक्षारोपण, बालसभा, सगळं तिथे दुसऱ्यांदा पडलेलं होतं. १.१ जीबी. ते पुसलं तर ज्यांना पाठवलं त्यांच्याकडचं जात नाही, फक्त आपल्या गप्पेत तो व्हिडिओ पुन्हा उघडत नाही. माझ्याकडे मूळ असल्यामुळे मला चिंता नव्हती, तरी पाच-सहा व्हिडिओंचं मूळ खरंच कॅमेऱ्यात आहे ना हे आम्ही ताडून पाहिलं. दोनांचं नव्हतं! दुसऱ्याकडून आलेले मी पुढे पाठवले होते. ते ठेवले, बाकीचे काढले. Files मधून पुसल्यावर तिथला ट्रॅश पुन्हा रिकामा करावा लागला. आकडा ४.४.

याच रस्त्यावरच्या WhatsApp फोल्डरमध्ये, Media च्या शेजारी, Databases नावाचं फोल्डर आहे. त्यात गप्पांच्या रोजच्या प्रती असतात. नावात तारीख असलेल्या त्या जुन्या, तारीख नसलेली `msgstore.db` ने सुरू होणारी ती सर्वांत ताजी. माझ्या तिथे जेमतेम काहीशे एमबी होते. ते मी तसेच ठेवले. तुमच्याकडे ते जास्त असतील आणि तारखेच्या प्रती काढणार असाल तर निदान ती बिनतारखेची फाइल राहू द्या.

रविवारी मी साताऱ्याला परत आले. ४.४ झाले होते, हवे होते ६.२. पुसण्यासारखं उरलेलं सगळं आता माझ्या जिवाचं होतं.

सोमवारी, २७ तारखेला बाजारात गेले तेव्हा एका दुरुस्तीच्या दुकानात विचारलं. तिथल्या मुलाने फोन हातात घेतला, दोन बटणं दाबली आणि सांगितलं, "मॅडम, फॅक्टरी रीसेट मारू. एकदम नवा होईल." माझ्या फोटो-व्हिडिओंचं काय, असं विचारल्यावर म्हणाला की त्याची प्रत काढून द्यायचे चारशे रुपये वेगळे आणि फोन दोन दिवस ठेवावा लागेल. मी फोन परत घेतला. रीसेट म्हणजे सगळी अ‍ॅप पुन्हा घालायची, बँकेची नोंदणी पुन्हा करायची, सिमवरून पडताळणी पुन्हा, व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा परत आणायच्या. कमी पडत होते दोन जीबी. दोन जीबीसाठी अख्खं घर रिकामं करायचं नसतं. याच कारणाने मी यूपीआयचं किंवा बँकेचं एकही अ‍ॅप काढलं नाही. ती लहान असतात, जागा फारशी मिळत नाही आणि परत घालताना पडताळणीची सगळी कटकट मागे लागते. न वापरलेली दोन खेळांची अ‍ॅप मुलाने कधीतरी घातली होती, ती तेवढी काढली. पण तो आकडा किरकोळ.

त्या रात्री कॅमेऱ्याचं फोल्डर उघडून बसले. २१४ व्हिडिओ, ७.८ जीबी. तीन वर्षांचं सगळं त्यात होतं. आणि त्यात १६ ऑक्टोबर २०२२ चा एक व्हिडिओ होता, माझ्या सासूबाईंचा. चकलीची भाजणी भाजताना त्या माप सांगतायत. तांदूळ किती, हरभराडाळ किती, उडीद किती आणि धणे कधी घालायचे. त्या २०२४ मध्ये गेल्या. भाजणीचं माप मी कुठे लिहून घेतलेलं नाही, ते त्या व्हिडिओतच आहे. तो कुठल्याही घाईत, कुठल्याही बटणाच्या चुकीने जाता कामा नये, एवढंच मला त्या रात्री कळत होतं.

ऑनलाइन ठेवावेत का, हाही विचार केला. गूगलच्या खात्यावर फुकट मिळतात ते १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं एकत्र मोजलं जातं. १ जून २०२१ पासून नवे फोटो-व्हिडिओही त्यात धरतात. माझे १३ केव्हाच भरलेले होते. सगळे व्हिडिओ तिथे मावणार नव्हते. फोटोंपुरतं मात्र तिथलं Free up space बटण वापरता येतं. ज्याची प्रत वर पोचली आहे तेच ते फोनमधून काढतं. पण Google Photos मध्येच फोटो निवडून साधं पुसलं, तर वरची प्रतही पुसली जाते. फक्त फोनमधून काढायचं तर Delete from device हा वेगळा पर्याय आहे. माझ्या एका सहकारी बाईंचे सहलीचे फोटो असेच दोन्हीकडून गेले होते आणि ट्रॅशमध्ये होते म्हणून वाचले. मी हा रस्ता सोडला आणि लॅपटॉपचा धरला. मुलाचा जुना लॅपटॉप घरीच आहे.

मंगळवारी फोन लॅपटॉपला जोडला. चार्जिंग सुरू झालं, पण लॅपटॉपवर फोन दिसेना. तासभर झटापट केली. मुलाला पुण्याला फोन लावला तर तो म्हणाला, "आई, केबल कुठली आहे? ती चार्जिंगपुरतीच असेल." खरंच तसं होतं. काही स्वस्त केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतात. ओळखायचं कसं, तर फोन चार्ज होतो पण त्यावर यूएसबीची सूचना येत नाही. संध्याकाळी १८० रुपयांची डेटा केबल आणली. दुकानदाराला 'डेटावाली' असं स्पष्ट सांगावं लागलं.

बुधवारी, २९ तारखेला काम झालं. केबल जोडली, फोनचं कुलूप उघडलं, वरून सूचना खाली ओढली, यूएसबीच्या ओळीवर दाबून File transfer निवडलं. फोन कुलूपबंद असेल तर लॅपटॉपला आतलं काही दिसत नाही. मग DCIM मधल्या Camera फोल्डरमधले व्हिडिओ निवडून लॅपटॉपवर कॉपी केले. कट नाही, कॉपी. कट करताना मध्येच केबल सुटली तर फाइल अर्धवट राहायची भीती असते. तासाला दहा मिनिटं कमी इतका वेळ लागला. मध्ये एकदा काहीतरी अडचणीची चौकट आली आणि मी Skip दाबलं.

झाल्यावर लगेच पुसलं नाही. लॅपटॉपवरच्या फोल्डरची मोजणी केली. २१३. फोनवर २१४. त्या Skip ने एक व्हिडिओ मागे ठेवला होता. नावं ताडून पाहिली आणि तो सापडला, परत कॉपी केला. सासूबाईंचा नव्हता, दहावीच्या निरोप समारंभाचा होता, पण तोही मला हवाच होता. मग सुरुवातीचा, मधला, शेवटचा असे दहा-बारा व्हिडिओ लॅपटॉपवर चालवून पाहिले, आवाजासकट. फाइल असणं आणि ती चालणं यांत फरक आहे. लॅपटॉपवर काहींची तारीख कॉपी केलेल्या दिवसाची दिसायला लागली, तेव्हा घाबरले होते. पण नावातच तारीख असते. `VID_20221016_112340.mp4` म्हणजे १६ ऑक्टोबर २०२२, सकाळचे अकरा वाजून तेवीस मिनिटं. म्हणून फाइलींची नावं बदलू नका.

लॅपटॉपही जुनाच, तो बंद पडला तर? घरात ३२ जीबीचा पेनड्राइव्ह होता. सगळे व्हिडिओ त्यावरही घेतले आणि तो कपाटात, सोन्याच्या डबीशेजारी ठेवला.

गुरुवारी २०२२ ते २०२४ चे व्हिडिओ फोनमधून काढले, ट्रॅश रिकामा केला. ४.६ जीबी. सासूबाईंच्या व्हिडिओवर बोट ठेवताना मी लॅपटॉपवर तो आणखी एकदा लावून पाहिला आणि मगच पुसला. आकडा ९.० झाला. ६.२ हवे होते, पण अगदी काठावर थांबू नये असं मुलाचं म्हणणं होतं. ते बरोबर ठरलं, पुढे सांगते.

आता अपडेट. माझ्या रिचार्जवर रोजचे दीड जीबी मिळतात आणि अपडेट २.४ चं. मोबाइल डेटावर ते एका दिवसात उतरलंच नसतं. शनिवारी, १ नोव्हेंबरला सकाळी शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांच्याकडे वायफाय आहे. Settings मध्ये पुन्हा अपडेट तपासायला सांगितल्यावर जागेची तक्रार गेली होती. एवढं होऊनही कुणाला तीच सूचना दिसत असेल तर फोन एकदा बंद-चालू करून परत तपासा. जुना निरोप कधीकधी तसाच लटकलेला राहतो.

उतरायला पस्तीस मिनिटं लागली. मग फोन घरी आणून चार्जरला लावला. पुढचं काम आतल्या आत चालतं, फोन वापरता येतो. मी मधूनमधून Storage बघत होते. उतरल्यावर ९.० चे ६.६ झाले होते, आणि बसवणं चालू असताना ४.१ पर्यंत खाली आले. सहा जीबीच्या काठावर असते तर त्या वेळी दीडच्या खाली गेले असते. एखादा मोठा व्हिडिओ उतरला असता तर काम मध्येच अडकलं असतं. सव्वा तासाने पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली. बॅटरी ८० टक्के होती. दाबलं. पडदा काळा झाला, कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथेच चार मिनिटं थांबला. ती चार मिनिटं मी देवघरासमोर उभी होते. मग कुलुपाचा पडदा आला.

पहिल्या दिवशी फोन थोडा गरम राहिला आणि बॅटरी लवकर उतरली. आत आवराआवर चालू असते, जुन्याची जागा नवं घेत असतं. त्या संध्याकाळी Storage मध्ये मोकळे ५ च्या आसपासच दिसत होते. म्हणून लगेच मी काही परत भरलं नाही. रविवारी सकाळी पाहिलं तर ८.३. उसनी जागा परत आली होती, नव्या सिस्टीमने तेवढी थोडी जास्त घेतली. सुरक्षा अपडेटची तारीख आता याच वर्षाची आहे. व्हॉट्सअ‍ॅपचं आपोआप उतरवणं बंदच राहिलंय ना, तेही तपासलं. बंद होतं.

एकूण खर्च १८० रुपये, केबलचे. आठ दिवस, त्यातले खरे कामाचे तास असतील आठ-नऊ.

रविवारी दुपारी परत लॅपटॉप जोडला आणि एकच व्हिडिओ फोनवर परत घेतला. भाजणीचा. २१२ एमबी.